मदत हवी आहे: गृहकर्जाच्या तक्त्यात पहिल्या हप्त्यातलं बहुतेक व्याजच का?

कल्याणकर
30 लाखांचं गृहकर्ज, 20 वर्षं, 8.5 टक्के, हप्ता 26,035. बँकेनं 240 ओळींचा तक्ता पाठवलाय. पहिल्या ओळीत व्याज 21,250 आणि मुद्दल फक्त 4,785! वर्षभरात 3,12,000 च्या वर भरणार आणि कर्ज उतरणार जेमतेम 59,700. काल रात्री हे पाहून मी आणि बायको गप्पच बसलो. बँक पुढचं व्याज आधीच कापून घेते का?

मोरपीस७
हो, आधी व्याजच काढून घेतात. म्हणून पाच-सहा वर्षांनी जास्तीचे पैसे भरून काही उपयोग नाही, सगळं व्याज तोवर गेलेलं असतं.

हिशेबनीस
व्याज सुरुवातीला जास्त जातं हे खरं, पण पुढचं व्याज आधी घेतलं जात नाही. कुठलीही ओळ घ्या. तिच्या वरच्या ओळीतली शिल्लक गुणिले 8.5 टक्के, भागिले 12, तेवढंच त्या महिन्याचं व्याज. 30 लाखांवर ते 21,250 येतं. हप्त्यातून उरले ते 4,785 मुद्दलात. दुसऱ्या महिन्यात शिल्लक 29,95,215, म्हणून व्याज 21,216. हप्ता तोच, व्याज 34 रुपयांनी घटलं, तेवढं मुद्दल वाढलं. हे इतक्या हळू सरकतं की मुद्दल व्याजाच्या पुढे जायला 143 वा हप्ता उजाडतो.
सहाव्या वर्षीही शिल्लक मोठी असते, त्यामुळे तेव्हा भरलेलंही व्याज वाचवतं. फक्त लवकर भरलं तर जास्त वाचतं. तुम्ही 12 व्या हप्त्यानंतर एक लाख भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात, तर शेवटचे साधारण 18 हप्ते गळतील. मुदत कमी करा असं लेखी सांगा, नाहीतर काही बँका हप्ताच कमी करून देतात.

सोनचाफा
माझ्या गाडीच्या कर्जात तर दर वर्षी सारखंच व्याज लावलंय. 5 लाखांवर 7 टक्के, तीन वर्षांचे 1,05,000. हे बरं नाही का?

हिशेबनीस
नाही हो ताई. तिथे शिल्लक कमी झाली तरी व्याज पूर्ण 5 लाखांवरच चालू राहतं. शिल्लकेवर मोजलं तर तो दर 13 टक्क्यांच्या आसपास जातो. कल्याणकरांचं कर्ज वेगळ्या जातीचं आहे.

कल्याणकर
दहा-बारा ओळी स्वतः ताडून पाहिल्या, जुळल्या. जीव भांड्यात पडला. पण खात्याच्या उताऱ्यात पहिलं व्याज 21,658 लागलंय, तक्त्यात 21,250. हे 408 कुठले?

हिशेबनीस
30 लाख गुणिले 8.5 टक्के, भागिले 365, गुणिले 31 करून पाहा. 21,658 च येतं. म्हणजे बँक दिवसांवर मोजतेय. 30 दिवसांच्या महिन्यात कमी लागेल.

कल्याणकर
पटलं. पण मग तक्ता महिन्याच्या हिशेबानं का दिला? करारात 'दररोजची शिल्लक' असं कुठे लिहिलंय ते उद्या शोधतो. कुणी आपल्या करारात पाहिलंय का?