'चूक पुढे धरावी' म्हणजे नक्की काय करायचं? इलेक्ट्रोलिसिसच्या उत्तरांवरून

जुळेसोलापूर_रसायन
नमस्कार मंडळी. प्रश्न शब्दाचा आहे पण अडलंय पेपरच्या गठ्ठ्यावर. बारावीच्या सराव परीक्षेचे केमिस्ट्रीचे पेपर आम्ही काही जण वाटून तपासायलोय आणि नमुना उत्तराखाली एक ओळ लिहून आलीय, 'इलेक्ट्रॉनची संख्या चुकल्यास चूक पुढे धरावी'. आमच्यातल्या एका सरांनी अर्थ घेतला की चूक पुढच्या उपप्रश्नातही धरायची, म्हणजे तिथं पण मार्क कापायचे. मी घेतला अगदी उलटा, की चुकलेला आकडाच पुढे धरून चालायचं आणि रीत बरोबर असली तर पुढचे मार्क द्यायचे. एकाच पोराला त्यांच्याकडं सातपैकी तीन आणि माझ्याकडं पाच.

प्रश्न असा आहे. कॉपर सल्फेटच्या द्रावणातून ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड वापरून २ अँपियर करंट ९६५ सेकंद सोडला. दोन्ही इलेक्ट्रोडवरच्या रिअ‍ॅक्शन लिहा, २ मार्क. किती तांबं बसेल, २ मार्क. मग वेगळा भाग, झिंक-सिल्व्हर सेलचं पोटेन्शियल काढा, झिंक आयन ०.१ मोलर आणि सिल्व्हर आयन ०.०१ मोलर, ३ मार्क.

पोरानं लिहिलं Cu²⁺ + e⁻ → Cu आणि तांबं काढलं १.२७ ग्रॅम. बरोबर उत्तर ०.६३५. आता सांगा, हा 'धरावी' नक्की कुठला?

शब्दवेडा
मला केमिस्ट्रीतलं काही कळत नाही, पण भांडण का झालं ते कळतंय. मराठीत 'धरणे'ला दोन वाटा आहेत. एक 'गृहीत धरणे', म्हणजे क्ष बरोबर पाच धरा असं म्हणतो ते. दुसरी 'दोष धरणे', 'राग धरणे', 'मनात धरणे', तिथं सोडायचं नसतं, बाळगायचं असतं. तुमच्या ओळीत कर्माच्या जागी 'चूक' आलीय त्यामुळं बहुतेकांच्या कानाला दुसरी वाट आधी ऐकू येणार, कारण 'चूक धरली' म्हणजे पकडली असंच आपण बोलतो. लिहिणाऱ्याला 'चुकलेली संख्या गृहीत धरून पुढचं तपासावं' असं म्हणायचं असेल तर मधले शब्द गाळल्यामुळं अर्थ पार उलटा झालाय. तुमचे सर चुकीचं वाचत नाहीयेत, ओळच अपुरी आहे.

भुईकोट
माझं मत वेगळं आहे. इलेक्ट्रॉन चुकला म्हणजे पायाच चुकला ना सर. तांब्याचं वजन त्याच्यावर, सेल पोटेन्शियल पण त्याच्यावर, n चुकला की तिन्ही उत्तरं चुकणारच, मग मार्क कशाचे द्यायचे? मी तर n चुकलेला दिसला की तिथून पुढं रेघ मारतो.

खडूफळा
भुईकोट, अर्धं बरोबर आहे तुमचं. वजन n वर अवलंबून आहे हे खरं, सेल पोटेन्शियलबद्दल जे म्हणालात ते तसं नाही, त्याच्यावर नंतर येतो.

आधी वजनाचा भाग बघू. पोरानं काय काय केलं ते तोडून बघा. २ गुणिले ९६५ म्हणजे १९३० कूलोम काढलं. त्याला ९६५०० नं भागून ०.०२ मोल इलेक्ट्रॉन काढले. मग स्वतःच्या रिअ‍ॅक्शनप्रमाणं एका इलेक्ट्रॉनला एक तांबं म्हणून ०.०२ मोल तांबं, गुणिले ६३.५, आले १.२७. या चार पायऱ्यांत चूक एकही नाही. चूक वरच्या ओळीत आहे आणि ती ओळ बघताच दिसते, डावीकडं एक धन चार्ज शिल्लक राहतो आणि उजवीकडं शून्य. चार्ज जुळत नाही, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा मार्क गेला. तो कापायचाच, त्यात दयामाया नको. पण वजनाच्या भागात आपण तपासतो ते चार्जवरून मोल आणि मोलवरून ग्रॅम हा रस्ता, आणि तो पोरगा बरोबर चाललाय. तिथं परत कापलं तर एकाच चुकीचे पैसे दोनदा घेतले.

मात्र पोरानं वर 2e⁻ बरोबर लिहिलं आणि खाली वजन काढताना दोननं भागलंच नाही, तर १.२७ च येतात पण ही वेगळी केस आहे. वरून काही आलेलंच नाही, चूक तिथंच जन्मली, तर मार्क वजनातला कापा. उत्तर तेच, कापायची जागा वेगळी. म्हणून शेवटचा आकडा बघून मार्क देणाऱ्याला हे कळतच नाही, वरची ओळ बघावी लागते.

चिंचोळी_प्लेटिंग
मी मास्तर नाही, एमआयडीसीत गिलटचं काम करतो, निकेल क्रोम कॉपर सगळं. पोरगं चुकलं असं का म्हणायलाव ते कळंना. आमच्याकडं लोखंडी जॉबवर आधी सायनाइड कॉपरचा हात मारतो, त्या टाकीत तांबं एका इलेक्ट्रॉननंच बसतं, सप्लायरचा माणूस पण हेच सांगतो की तेवढ्याच अँपियरमध्ये सायनाइडला दुप्पट तांबं धरा. मग १.२७ बरोबर झालं की. आणि खरं सांगू का, कागदावरचं वजन टाकीत कधी येत नाही, सायनाइडमध्ये तर कमीच येतं, कॅथोडवर बुडबुडे सुटतात त्यात करंट जातो.

खडूफळा
तुमचं म्हणणं तुमच्या टाकीपुरतं शंभर टक्के खरं आहे आणि बरं झालं मांडलंत. सायनाइडच्या टाकीत तांबं एक धन अवस्थेत असतं, Cu⁺, म्हणून एक इलेक्ट्रॉन पुरतो. प्रश्नात कॉपर सल्फेट दिलंय, तिथं Cu²⁺ आहे, म्हणून दोन. इलेक्ट्रॉनची संख्या धातूच्या नावावर ठरत नाही, तो धातू द्रावणात कुठल्या अवस्थेत आहे त्याच्यावर ठरते. पोरानं Cu⁺ + e⁻ → Cu लिहिलं असतं तर चार्ज जुळला असता, पण द्रावण चुकलं असतं. बुडबुड्यांचं पण खरं, तो करंट हायड्रोजन सोडण्यात जातो. प्रश्नात 'करंट एफिशियन्सी' दिली नसेल तर पेपरात शंभर टक्के धरायची पद्धत आहे. हा बघा शब्दवेडा, तुमचा पहिला 'धरणे'.

जुळेसोलापूर_रसायन
अजून एक पेपर आहे हातात. त्या पोरीनं लिहिलंय ½Cu²⁺ + e⁻ → ½Cu आणि पुढं ०.०२ गुणिले ३१.७५, उत्तर ०.६३५. आमच्या सरांनी 'n चूक' लिहून लाल रेघ मारली. उत्तर बरोबर आलंय तर म्हणे योगायोग.

खडूफळा
योगायोग नाही, ती पोरगी विषय समजून लिहितेय. पूर्ण मार्क. अर्ध्या तांब्याला एक इलेक्ट्रॉन किंवा एका तांब्याला दोन, हिशोब एकच. चार्ज पण जुळतो. इलेक्ट्रॉन किती हा प्रश्न अर्धवट आहे, 'कुठल्या रिअ‍ॅक्शनला किती' असं विचारलं तरच उत्तर देता येतं. तुमच्या सरांना सांगा की n एकटा चूक किंवा बरोबर नसतो, त्याच्या शेजारच्या समीकरणाबरोबर वाचायचा.

सेलचं पण हेच. बरोबर उत्तर बघू. स्टँडर्ड पोटेन्शियल ०.८० मधून उणे ०.७६ वजा, म्हणजे १.५६ व्होल्ट. रिअ‍ॅक्शन Zn + 2Ag⁺ → Zn²⁺ + 2Ag, n दोन. Q म्हणजे ०.१ भागिले ०.०१ चा वर्ग, आला १०००, त्याचा लॉग ३.

```
E = 1.56 − (0.0592/2) × 3 = 1.47 V
```

आता कुणी रिअ‍ॅक्शन अर्धी करून लिहिली, ½Zn + Ag⁺, तर n एक होतो, पण Q पण बदलतो, १००० चं वर्गमूळ होतं, लॉग दीड. ०.०५९२ गुणिले दीड केलं तरी १.४७ च. पेपरात जी चूक येते ती अशी, की n एक घेतला आणि Q मात्र १००० चाच ठेवला, तेव्हा १.३८ येतं. त्याला n चुकला म्हणण्यापेक्षा n आणि Q ची जोडी फुटली म्हणा. एक मार्क कापा, बाकी द्या.

भुईकोट, तुमच्यासाठी. १.५६ मध्ये n कुठंच नाही. सिल्व्हरची रिअ‍ॅक्शन दोननं गुणली म्हणून ०.८० चं १.६० होत नाही, कारण व्होल्ट म्हणजे प्रत्येक कूलोममागची ऊर्जा. ऊर्जा दुप्पट झाली, कूलोम पण दुप्पट झाले, भागाकार तोच. पोरं १.६० अधिक ०.७६ करून २.३६ लिहितात. तिथं 'इलेक्ट्रॉन चुकला होता, पुढं आला' ही सबब चालणार नाही, इलेक्ट्रॉन बरोबर मोजूनच ती चूक होते. कापायची.

भुईकोट
हे मी इतके दिवस वेगळं समजत होतो, मला वाटायचं दोन इलेक्ट्रॉन म्हणजे पोटेन्शियल पण दोनपट. ठीक आहे. पण मग उलटी केस सांगा. एकानं वर 1e⁻ लिहिलंय आणि खाली वजन ०.६३५ बरोबर काढलंय, मधल्या पायऱ्या गाळून. स्वतःच्याच रिअ‍ॅक्शनशी जुळत नाही. तुमच्या नियमानं त्याला वजनाचे मार्क मिळायला नकोत.

खडूफळा
इथं माझा पण नियम अडतो. पायऱ्या नसतील तर त्यानं घाईत वर 2 लिहायचा राहिला की शेजारच्याचं बघितलं हे कागदावरून सांगता येत नाही. मी बरोबर उत्तराचा एक मार्क द्यायचो, रीतीचा नाही. माझ्याबरोबरचे काही जण दोन्ही द्यायचे.

पार्करोड
मी दहावीला मराठी माध्यम शिकवते. इलेक्ट्रॉन सोडून एक वेगळंच सांगू का, कारण सेलच्या भागात हे पण येत असणार. आम्ही अ‍ॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र शिकवतो. इलेक्ट्रोलिसिसमध्ये काही अडत नाही, अ‍ॅनोड खरंच बॅटरीच्या धन टोकाला असतो. पण सेलमध्ये झिंक हा अ‍ॅनोड आणि तो असतो ऋण. आमची पोरं अकरावीत जाऊन झिंकला ऋणाग्र म्हणतात, मग ऋणाग्र म्हणजे कॅथोड, आणि कॅथोड वजा अ‍ॅनोड करून उणे १.५६ आणतात. त्यांना कुणी मठ्ठ म्हणू नका हो, शब्दानं सांगितलं तसंच ती चाललीत.

जुळेसोलापूर_रसायन
मॅडम, असे पेपर गठ्ठ्यात आहेत, आत्ता परत बघितले. झिंकवर ऑक्सिडेशन होतं हे बरोबर लिहिलंय, रिअ‍ॅक्शन बरोबर, इलेक्ट्रॉन बरोबर, फक्त नाव कॅथोड आणि चिन्ह उलटं.

खडूफळा
रिअ‍ॅक्शन बरोबर असेल तर तिचा मार्क द्या, नावाचा कापा. उणे १.५६ चं मात्र मी सोडणार नाही, कारण उणे पोटेन्शियल म्हणजे सेल आपोआप चालतच नाही, आणि पोरानं वर स्वतःच झिंक विरघळतं असं लिहिलंय. तिथं थांबून बघायला हवं होतं.

पार्करोड
सर, मला हे पटत नाही. नाव उलटं असताना वजाबाकी त्याच नावाप्रमाणं केली तर ती पुढं आलेलीच चूक झाली ना, तांब्याच्या १.२७ सारखी. तिथं माफ आणि इथं का नाही?

शब्दवेडा
तुमचा वाद चालू द्या. ती ओळ तेवढी बदलून घ्या, माझा मसुदा असा, 'चूक जिथं झाली तिथं एकदाच गुण कापावेत, पुढचा भाग विद्यार्थ्याचीच संख्या गृहीत धरून तपासावा'. 'पुढे' राहिला, 'धरून' राहिला, पण 'चूक धरावी' गेलं.

जुळेसोलापूर_रसायन
ही ओळ आज सगळ्या तपासणाऱ्यांना पाठवतो आणि त्याखाली दोन ओळी जोडतो, एक, n समीकरणासोबत वाचावा, अर्धं समीकरण चालेल. दोन, २.३६ ला सूट नाही. उणे १.५६ चे पेपर बाजूला काढून ठेवलेत. मॅडमचा मुद्दा मला पण खोडता येत नाहीये, उद्या सगळे बसून ठरवू आणि जे ठरेल ते इथं टाकतो.