रॅम वाढवताना दोनच्या चार स्टिक कराव्यात का?

फोंड्याचा संपादक
माझ्याकडे रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर आहे आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक A2, B2 मध्ये एक्स्पोच्या तयार सेटिंगने ६००० च्या वेगाला चालतात. गावोगावच्या नाटकांचं तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करून संपादन करतो. तीन तासांचं नाटक उघडलं की ३२ जीबी भरून जातं. म्हापशातला दुकानदार म्हणतो, त्याच मॉडेलच्या आणखी दोन घे, स्लॉट रिकामेच आहेत. भाऊ म्हणतो, जुन्या विक आणि ३२-३२ च्या दोन घे. कुणाचं ऐकू?

मडगावचा रिपेअरवाला
भावाचं ऐका. बोर्डावर स्लॉट चार दिसत असले तरी प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत जाणारे चॅनेल दोनच आहेत. A1 आणि A2 एकाच चॅनेलवर, B1 आणि B2 दुसऱ्यावर. बहुतेक बोर्डांवर तारा आधी A1 ला लागून मग A2 ला संपतात, म्हणून दोनच स्टिक असतील तर शेवटच्या स्लॉटमध्ये लावायच्या. मधल्या स्लॉटमध्येही स्टिक आली की सिग्नलवरचा भार वाढतो आणि थोडा सिग्नल परत उसळतो. डीडीआर५ च्या वेगाला हे फार लवकर बाधतं.

एएमडीचा स्वतःचा आकडा बघा. रायझन ७००० साठी दोन स्टिकना ५२००, चार लावल्या की ३६००. तुमचे ६००० आधीच या हमीच्या वरचे आहेत, आणि स्टिक बनवणाऱ्याने ते दोनच्या जोडीवर तपासलेले आहेत. तशीच दुसरी जोडी आणली म्हणून चारांचा संच तपासलेला होत नाही.

पणजीचा गेमर
हे मला पटत नाही. माझ्या मशीनवर ८-८ च्या चार स्टिक पाच वर्षं ३२०० वर चालल्यात, एकदाही अडकलं नाही. उलट दोनच्या चार केल्यावर गेममध्ये थोडा फायदाच झाला. चार म्हणजे चार चॅनेल. सीपीयू-झेडमध्येसुद्धा `4 x 32-bit` असं दिसतं हो, मित्राच्या मशीनवर पाहिलंय.

मडगावचा रिपेअरवाला
बाब, तुमचा अनुभव खरा आहे, कारण वेगळं आहे. तुमचं मशीन डीडीआर४ चं. तिथे एकेरी रँकच्या, म्हणजे चिपचा एकच गट असलेल्या, चार स्टिक ३२०० वर चालणं नवलाचं नाही, आणि एका चॅनेलवर दोन रँक झाल्या की एक रँक गुंतलेली असताना कंट्रोलर दुसरीकडे काम लावतो. तुम्हाला मिळालेला फायदा तो. डीडीआर५ ची ३२ जीबीची स्टिक मात्र बहुतेक वेळा आधीच दुहेरी रँकची असते. म्हणजे तोच फायदा दोन स्टिकमध्ये मिळतो, वेग न गमावता.

`4 x 32-bit` चा अर्थ एवढाच की डीडीआर५ ची प्रत्येक स्टिक दोन अर्ध्या वाटांत विभागलेली असते. मित्राच्या मशीनवर दोनच स्टिक असतील, तरी तेच दिसेल.

कळंगुटची ताई
माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी आहे आणि हॉटेलच्या बिलांचं सॉफ्टवेअर हळू चालतं. मीसुद्धा ३२-३२ च्या दोन घेऊ का?

मडगावचा रिपेअरवाला
ताई, इथला प्रश्न चार स्लॉटच्या डेस्कटॉपचा आहे. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते आणि काहींत स्लॉट एकच. आधी मागचं झाकण उघडून बघा, त्याआधी काही विकत घेऊ नका.

डिचोलीचा ड्रोन सर्व्हेअर
मी चार स्टिकच्या बाजूने बोलतो, आणि विचार करून बोलतो. खाणींच्या खड्ड्यांचे ड्रोनने काढलेले हजारो फोटो जोडून त्रिमिती नकाशा करतो. ३२-३२ च्या चार स्टिक २०२३ मध्ये घेतल्या, कारण ६४ जीबीची एकेक स्टिक तेव्हा घरगुती बाजारात मिळत नव्हती. मशीन ३६०० वरच चालतं.

तोंडी हिशोब केला तर ६००० ला सेकंदाला ९६ जीबी आणि ३६०० ला ५७.६ जीबी. तोटा मोठा दिसतो. पण माझं काम ६४ जीबीत मावत नाही. मावलं नाही की विंडोज डिस्कवर लिहायला लागतं, आणि उत्तम एसएसडीसुद्धा ३६०० च्या रॅमच्या जवळपास पोचत नाही. ज्याचं काम रॅममध्ये मावत नाही त्याला वेगाचं काय करायचंय?

मडगावचा रिपेअरवाला
तुमच्या बाबतीत मान्य. तुम्ही ३६०० स्वीकारलात, म्हणून स्थिर आहात. गडबड होते ती चार लावून ६००० चा हट्ट धरल्यावर.

मागच्या पावसाळ्यात असंच एक मशीन आलं. १६-१६ च्या चार स्टिक, मॉडेल नंबर तोच, पण दोन जोड्यांच्या खरेदीत आठ महिन्यांचं अंतर. आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या निघाल्या. तिसरी-चौथी स्टिक बसवल्यावर पडदा दहा मिनिटं काळा राहिला. गिऱ्हाइकाला वाटलं वीज गेल्या-आल्याने बोर्ड जळला, म्हणून तो दर वेळी मधेच बटण दाबून बंद करायचा. खरं तर बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे नव्या स्टिकशी सिग्नल जुळवून घेणं, करत होता आणि तो ते पुरं होऊ देत नव्हता.

थांबल्यावर मशीन सुरू झालं, विंडोजही छान उघडलं. फसगत इथेच होते. व्हिडिओ एक्सपोर्ट कधी ४० टक्क्यांवर तुटायचा, कधी ७० वर. झिप उघडताना सीआरसीची चूक यायची. दर वेळी वेगळ्या जागी तुटतं, तेव्हा आधी रॅमवर संशय घ्यायचा. मेमटेस्ट८६ लावलं, तर ६००० वर काही मिनिटांत लाल ओळी. ५६०० वर तासाभराने, ५२०० वर पहाटे एक ओळ. ४८०० वर पूर्ण रात्र निभावली. मेमरी कंट्रोलरला मिळणारं एसओसी व्होल्टेज वाढवून बघावंसं वाटतं, पण १.३ च्या वर मी कुणाचं नेत नाही.

तुमच्या मशीनवर रॅम आत्ता कोणत्या वेगाने चाललीय ते पॉवरशेलमध्ये असं दिसेल:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
 Select DeviceLocator, PartNumber, ConfiguredClockSpeed
```

पणजीचा गेमर
डीडीआर४ चं वेगळं, हे कळलं. पण मग बोर्डावर रिकामे दोन स्लॉट ठेवून फायदा काय? पुढे वाढवता येईल म्हणूनच आपण चार स्लॉटचा बोर्ड घेतो ना!

मडगावचा रिपेअरवाला
डीडीआर५ वर मी त्या रिकाम्या जागेला अपग्रेड म्हणत नाही, अडचणीतली सोय म्हणतो. वाढवायचं असेल तर जोडी बदला. म्हणून पहिल्यांदाच गरजेपेक्षा एक पायरी मोठी जोडी घेणं मला बरं वाटतं.

डिचोलीचा ड्रोन सर्व्हेअर
ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हे ठीक. रॅमचे भाव चढलेले असताना जुनी जोडी विकून नवी घ्या म्हणणं सोपं आहे. ४८०० वर रात्रभर टिकलं म्हणता, तर संपादनाला ४८०० आणि ६००० मध्ये एवढा फरक पडतो का? एक्सपोर्टचा बराच भार प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर असतो.

मडगावचा रिपेअरवाला
एक्सपोर्टला फार नाही, हे खरं. पण ४८०० मिळेलच याची हमी त्या दुकानदाराकडे नाही. त्या मशीनला मिळालं, संपादकांच्या बोर्डाला ४४०० वरच थांबावं लागेल कदाचित.

फोंड्याचा संपादक
आज सगळ्यात मोठं नाटक उघडून टास्क मॅनेजरमध्ये `Committed` बघितलं, ५१ जीबी दिसतंय. म्हणजे ६४ पुरेल. दुकानदाराला विचारलं की दोन स्टिक रात्रभर तपासून, चूक आली तर परत घ्याल का? त्याने लेखी द्यायला नकार दिला. जुनी जोडी घ्यायला माशेलचा एक मित्र तयार आहे, पण त्याचा बोर्ड डीडीआर४ चा निघाला तर ती बसणार नाही. संध्याकाळी त्याचा बोर्ड बघायला जातोय.