प्लेस्टेशन ४ सुरू होताना अडकते : सेव्ह न गमावता Rebuild Database करता येईल का? सल्ला हवा आहे

मधुमालती

नमस्कार. आमच्याकडे प्लेस्टेशन ४ स्लिम आहे, ५०० जीबीचे. गेल्या मंगळवारी मुलगा खेळत असताना वीज गेली आणि तेव्हापासून यंत्र नीट सुरू होत नाही. निळा दिवा लुकलुकतो, मग तो पांढरा होतो, टीव्हीवर चिन्हही उमटते, परंतु खेळाडू निवडण्याचा पडदा येण्याआधीच सगळे थिजते. पंधरा-वीस मिनिटे थांबूनही पुढे काही सरकत नाही. दुरुस्तीच्या एका दुकानात विचारले असता "फॉरमॅट करावे लागेल, आतले सगळे जाईल" असे उत्तर मिळाले. मुलाची क्रिकेटच्या खेळातली दोन वर्षांची कारकीर्द त्यात आहे आणि पीएस प्लसचे सदस्यत्व आम्ही घेतलेले नाही, त्यामुळे ऑनलाइन प्रत कुठेही नाही. Safe Mode मधून डेटाबेस नव्याने बांधता येतो असे वाचनात आले. त्याने सेव्ह खरोखर शाबूत राहतात का? मला संगणकाचे जुजबी ज्ञान आहे, तेव्हा कृपया सविस्तर सांगावे.

कट्टेकर

घाबरू नका, ताई. स्लिममधली हार्ड डिस्क एक स्क्रू काढला की बाहेर येते. ती यूएसबीच्या खोक्यात घालून लॅपटॉपला जोडा, सेव्हचा फोल्डर कॉपी करून घ्या आणि मग खुशाल फॉरमॅट करा. मी जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवरचा डेटा असाच वाचवला होता.

गोदाकाठ

कट्टेकर, डिस्क सहज निघते हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, परंतु पुढचे येथे लागू पडत नाही. प्लेस्टेशन ४ च्या डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच यंत्रात असते, त्यामुळे लॅपटॉपला ती डिस्क कोरी किंवा अनोळखी दिसेल. त्यातून विंडोजने "ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का" असे विचारले आणि कोणी सवयीने होकार दिला, तर जे वाचवायचे तेच जाईल. मधुमालतीताई, डिस्कला सध्या हात लावू नका.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की Rebuild Database सेव्ह पुसत नाही. कोठीतला माल आणि कोठीची वही यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. कोणता खेळ डिस्कवर कुठे आहे, त्याचे चित्र कोणते, कोणती सेव्ह कोणाची, हे सारे यंत्र एका वहीत लिहून ठेवते. लिहिता लिहिता वीज गेली की वही अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र ती वही वाचण्यातच अडकून पडते. Rebuild Database म्हणजे साऱ्या कोठीतून फिरून, जो माल सापडेल त्याची वही पुन्हा लिहिणे. मालाला हात लागत नाही. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : वीज गेली त्याच क्षणी जी सेव्ह लिहिली जात होती, ती तेव्हाच बिघडली असेल, तर वही नवी झाल्याने ती दुरुस्त होणार नाही.

आता कृती. बाहेरची यूएसबी डिस्क जोडलेली असेल तर काढा, आत खेळाची चकती असेल तर तीही काढा आणि एकदा साधेपणाने सुरू करून पाहा. कधी कधी दोष बाहेरच्या डिस्कमध्येच निघतो. तरीही अडकले, तर बटण दाबून धरून यंत्र पूर्ण बंद करा आणि दिवा विझेपर्यंत थांबा. मग बटण पुन्हा दाबून धरा. एक टुक् आवाज लगेच येईल आणि दुसरा साधारण सात सेकंदांनी. दुसरा आवाज आला की बोट उचला. पडद्यावर कंट्रोलर यूएसबी केबलने जोडायला सांगितले जाईल, तो जोडून मधले पीएस बटण दाबा. समोर जी यादी येईल, तिच्यात आधी पहिला पर्याय Restart PS4 वापरा, कारण एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते. न भागल्यास पुन्हा त्याच रीतीने आत येऊन पाचवा पर्याय, Rebuild Database, निवडा.

त्याच्या लगेच खाली सहावा Initialize PS4 आणि सातवा Initialize PS4 (Reinstall System Software) आहेत. हे दोन्ही सगळे पुसतात. दुकानदार म्हणाला ते हेच. कंट्रोलरचे बटण एकदा जास्त दाबले जाऊ शकते, म्हणून निवडल्यावर जी सूचना येते ती शब्द न् शब्द वाचूनच होकार द्या.

नवखा_खेळाडू

माझ्याही प्लेस्टेशन ५ वर एक खेळ तासाभराने अडकतो आणि पंखा फार आवाज करतो. मीही हेच करू का?

गोदाकाठ

तुमचा प्रश्न वेगळा आहे. यंत्र सुरू होऊन तासभर चालते, म्हणजे वही वाचली गेली आहे. पंख्याच्या आवाजावरून आधी धूळ आणि उष्णता तपासावी असे वाटते. स्वतंत्र धागा काढलात तर तेथे बोलू, येथे ताईंचे राहून जाईल.

मधुमालती

आपल्या सूचनेप्रमाणे दुसऱ्या आवाजापर्यंत बटण धरले आणि Safe Mode चा पडदा आला, त्यामुळे फार बरे वाटले. परंतु तेथेच गाडी अडली आहे. कंट्रोलर केबलने जोडला, त्यावरचा दिवा नारिंगी होऊन मंद लुकलुकतो, म्हणजे तो चार्ज होत असावा, तरी पीएस बटण दाबून काहीच घडत नाही. कंट्रोलरही बिघडला असेल का?

सांजवात

केबल बदला. आमच्याकडे याच जागी अख्खा रविवार गेला होता. चार्जिंगच्या स्वस्त केबलींमध्ये पुष्कळदा फक्त विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. एरवी कंट्रोलर बिनतारी चालत असल्याने हे कधी लक्षातच येत नाही, आणि Safe Mode मध्ये मात्र केबलवाचून चालत नाही. ती केबल चालेल की नाही हे पाहायचे असेल, तर तिने एखादा जुना फोन संगणकाला जोडा. फोनमधले फोटो दिसले तर केबल चांगली आहे.

मधुमालती

सांजवात, शतशः आभार. आमची केबल एका पॉवर बँकेबरोबर आलेली होती. यंत्राच्या खोक्यातली मूळ केबल माळ्यावरून शोधून काढली आणि यादी लगेच उघडली. Restart PS4 करून पाहिले, पुन्हा तेथेच थिजले. आता पाचव्या पर्यायावर येऊन थांबले आहे. आमच्याकडे संध्याकाळी अजूनही वीज जाते, म्हणून विचारते : मध्येच वीज गेली तर?

गोदाकाठ

थांबलात हे उत्तम केलेत. वही लिहिताना पुन्हा वीज गेली तर पुन्हा अर्धवट वही, आणि दरवेळी डिस्कवर ताण. टीव्ही नाही चालला तरी हरकत नाही, पण यंत्र इन्व्हर्टरवर असू द्या, किंवा सकाळी वीज स्थिर असताना करा. डिस्क किती भरली आहे त्यावर काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. पट्टी मध्ये बराच वेळ एका जागी थांबलेली दिसते, म्हणून लगेच बंद करू नका.

मात्र कानाने लक्ष ठेवा. यंत्रातून एकाच लयीत टक्-टक् असा आवाज येऊ लागला किंवा दोन वेळा प्रयत्न करून पट्टी नेमकी त्याच जागी अडकली, तर दोष वहीत नसून डिस्कमध्ये आहे. अशा डिस्कवर हा पर्याय पुनःपुन्हा चालवू नये, कारण त्यात संपूर्ण डिस्क वाचली जाते आणि मरणाला टेकलेली डिस्क त्या धावपळीतच संपते. CE-34335-8 हा क्रमांक दिसला तर यंत्राला डिस्कच सापडत नाही असे समजा.

मधुमालती

आज सकाळी सहा वाजता सुरू केले. पट्टी अर्ध्यापर्यंत लवकर गेली, मग वीस मिनिटे ढिम्म हलेना. आपण सांगितले नसते तर मी बटण दाबलेच असते. एकूण पन्नास मिनिटे लागली आणि यंत्र आपोआप सुरू होऊन खेळाडू निवडण्याचा पडदा आला! सगळे खेळ आहेत, फक्त त्यांचा क्रम बदललेला आहे. मुलाने आधी क्रिकेट उघडून पाहिले, कारकीर्द जागेवर आहे. एका शर्यतीच्या खेळाची सेव्ह मात्र बिघडलेली दाखवते आहे. मंगळवारी तो तेच खेळत होता.

गोदाकाठ

म्हणजे अंदाज खरा ठरला. ती सेव्ह वीज गेली तेव्हाच गेली होती. आता मुलाला खेळू देण्याआधी एक काम करा. पेन ड्राइव्ह exFAT किंवा FAT32 मध्ये फॉरमॅट करून लावा आणि Settings मध्ये Application Saved Data Management, त्यात Saved Data in System Storage, त्यात Copy to USB Storage Device असे जाऊन प्रत्येक खेळाची सेव्ह उतरवून घ्या. सेव्ह लहान असतात, साधा पेन ड्राइव्ह पुरतो. यासाठी पीएस प्लस लागत नाही. ध्यानात ठेवा की ही प्रत मुलाच्या खात्याशी बांधलेली असते, त्यामुळे पुढे दुसऱ्या यंत्रावर नेली तरी तेच खाते लागेल. बाहेरच्या डिस्कवर खेळ हलवले असले तरी सेव्ह नेहमी आतच राहतात, म्हणून बाहेरची डिस्क आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

कट्टेकर

डिस्कच्या बाबतीत माझी समजूत चुकीची होती, मान्य आहे. पण मग हे Rebuild दर महिन्याला करून टाकायला काय हरकत आहे? मी एका मित्राला तसे करताना पाहिले आहे आणि त्याचे यंत्र चपळ चालते असे तो म्हणतो.

गोदाकाठ

पुष्कळ खेळ टाकून काढून यादी जड झाली असेल तर फरक जाणवू शकतो. पण काही बिघडलेले नसताना जुनी फिरती डिस्क दर महिन्याला आरपार वाचून काढणे मला पटत नाही.

सांजवात

मला मात्र वर्षातून दोनदा केल्याने लाभ झालेला आहे. या बाबतीत आपले एकमत होणार नाही असे दिसते.

मधुमालती

सर्व सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरल्या. दोन दिवस सुरळीत चालले, आज मात्र सुरू व्हायला जवळपास तीन मिनिटे लागली, एरवी अर्ध्या मिनिटात होते. आवाज काही येत नाही. डिस्क बदलायची वेळ आली आहे का?

गोदाकाठ

एका दिवसावरून सांगता येणार नाही. आठवडाभर रोज वेळ मोजून येथे लिहा. वाढतच गेली तर २.५ इंची, जास्तीत जास्त ९.५ मिलिमीटर जाडीची साटा डिस्क किंवा एसएसडी घ्या. बदलताना सॉफ्टवेअरची पूर्ण फाइल पेन ड्राइव्हवर याच नावांनी, मोठ्या अक्षरांत ठेवावी लागते :

```
PS4/UPDATE/PS4UPDATE.PUP
```

अधिकृत संकेतस्थळावर तिच्याच नावाची एक लहान, फक्त अद्ययावत करण्याची फाइलही असते. ती कोऱ्या डिस्कवर चालत नाही. साधारण एक जीबीची, नव्याने बसवण्यासाठीची म्हणून दिलेली फाइल घ्या. आणि सेव्ह ज्या पेन ड्राइव्हवर आहेत तो या कामाला वापरू नका, दुसरा घ्या.

मधुमालती

मोजून लिहिते. आजची नोंद : दोन मिनिटे पन्नास सेकंद.