‘टाइल’ला काय म्हणावं: फरशी, ठसा की घर?

रेवती: जुन्या आठ-बिट व्हिडिओ गेम्सवर लेख लिहितेय. ‘टाइल’ला ‘फरशी’ आणि ‘टाइल मॅप’ला ‘फरशी-नकाशा’ लिहून पाहिलं. वाचताना खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. दुसरे शब्द सुचतात का?

अद्वैत: फरशी काय वाईट आहे? छोट्या चौकोनांनी पडदा भरायचा, झालं. आठ-बिट म्हणजे रंगही 256च, त्यामुळे मेमरी आपोआप कमी लागते.

सुलभा: मी लहानपणी खेळलेल्या एका गेममध्ये पुढची पातळी निवडायला नकाशा यायचा, त्यावर ठिपके असायचे. तोच टाइल मॅप ना? मग ‘नकाशा’च ठेवा.

मोरेश्वर: सुलभाताई, तो खेळाडूला दिसणारा नकाशा. रेवती विचारतेय तो कधीच दिसत नाही, ती नुसती आकड्यांची यादी असते.

‘फरशी’ का खटकते ते सांगतो. शंभर जागा भरायच्या तर फरश्याही शंभर लागतात. इथे नेमकं उलटं आहे. निन्टेन्डोचं एनईएस घ्या. 8×8 ठिपक्यांचा एक नमुना कार्ट्रिजमध्ये एकदाच ठेवलेला असतो. ठिपक्याला 2 बिट, म्हणजे नमुन्याला 16 बाइट. पडद्यावर अशा 32×30 जागा आहेत आणि प्रत्येक जागेत नमुना नसतोच, त्याचा क्रमांक असतो, एक बाइट. सगळा पडदा 960 बाइटमध्ये बसतो. तोच ठिपका-ठिपका साठवला तर 15,360 बाइट झाले असते, आणि पडद्याच्या मांडणीसाठी यंत्रात मेमरी होती 2,048 बाइट.

म्हणून मी नमुन्याला ‘ठसा’ म्हणतो, एकदा कोरायचा आणि हवा तितक्यांदा उमटवायचा. जागेला बुद्धिबळासारखं ‘घर’, आणि सगळ्या घरांचा मिळून ‘पट’. इंग्रजीत ठसा आणि घर दोघांनाही टाइलच म्हणतात, घोळ तिथेच होतो.

अद्वैत, आठ बिट हे प्रोसेसरचं माप आहे, रंगांचं नाही. एनईएसवर पार्श्वभूमीत एका वेळी साधारण 13 रंग.

अद्वैत: 13 हा कुठला आकडा? दोनाच्या पटीत तरी हवा.

मोरेश्वर: चार पॅलेट, प्रत्येकात चार रंग, पण त्यातला एक चौघांत सामाईक. चार त्रिक बारा आणि एक तेरा. ठशात रंग नसतो, ‘पहिला, दुसरा, तिसरा’ एवढंच असतं. कुठला पहिला ते पॅलेट ठरवतं. 1985च्या सुपर मारियो ब्रदर्समध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच ठशांतून काढलंय. फक्त पॅलेट बदललं.

निनाद: इथे माझं डोकं फिरलं होतं. हौस म्हणून एनईएससाठी गेम करत होतो. करड्या भिंतीवर नारिंगी दिवा ठेवला तर दिव्याशेजारची भिंतही नारिंगी. ठसे तपासले, सगळे ठीक. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कळलं की पॅलेट प्रत्येक घराला वेगळं देता येत नाही, दोन बाय दोन घरांच्या चौकोनाला मिळून एकच. माझा दिवा एक घर सरकून दोन चौकोनांत पसरला होता. रंग चुकलाय पण आकार बरोबर आहे, आणि चूक 16 ठिपक्यांच्या रेषेवर कापल्यासारखी थांबते, असं दिसलं की हेच समजायचं.

मोरेश्वर: अगदी. या पॅलेट-निवडीला पडद्यामागे 64 बाइट लागतात. 960 आणि 64 मिळून बरोबर 1,024. प्रत्येक घराला वेगळं पॅलेट दिलं असतं तर जवळपास चौपट, 240 बाइट गेले असते.

रेवती: ठसा आवडला. पण एका पडद्याला 960 बाइट धरले तरी लांबलचक पातळ्या कशा मावतात? पातळी बारा पडद्यांची धरली आणि पातळ्या 32, तर साडेतीन लाखांवर जातंय. तुम्ही म्हणता तो मारियो सगळा मिळून 40 किलोबाइट आहे म्हणे.

मोरेश्वर: 32 प्रोग्रॅमला आणि 8 ठशांना, बरोबर. म्हणूनच पट तयार साठवलेलाच नाही. साठवल्यात सूचना, बहुतेक दोन-दोन बाइटच्या: या जागी विटांची रांग, इतकी लांब. खेळाडू पुढे सरकतो तसा उजवीकडचा न दिसणारा स्तंभ या सूचनांवरून भरत जातात.

अद्वैत: मग त्याला पट कसं म्हणायचं? ही तर कृती झाली.

निनाद: मी त्याला ‘लेव्हल डेटा’ म्हणतो आणि गप्प बसतो.

रेवती: पडद्यावर असतो तो पट, कार्ट्रिजमध्ये असतो तो ‘आराखडा’, चालेल?

सुलभा: आराखडा चालेल. पण पॅलेटला ‘रंगपेटी’ लिहू नका हं. पेटीत खूप रंग असतील असं वाटतं.

मोरेश्वर: ‘रंगचौकडी’?

अद्वैत: चौकडी म्हटलं की मला टोळकंच दिसतं. पॅलेटच राहू द्या.