अनुभव धागा: ‘दुसऱ्या ॲपवर बोलू या का?’ असा निरोप आणि आपला फोन क्रमांक

पाटीपेन्सिल:
मी ऑनलाइन भाषेचे वर्ग घेते. ज्या संकेतस्थळावरून विद्यार्थी येतात, तिथल्या निरोपपेटीतून ध्वनिफीत पाठवता येत नाही, त्यामुळे उच्चार तपासायचे असले की दुसऱ्या ॲपवर जावेच लागते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला मी सरळ माझा क्रमांक दिला. वर्ग चार आठवड्यांत संपला, पण त्याने तो क्रमांक मला न विचारता एका मोठ्या समूहात टाकला आणि रात्री-अपरात्री अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. बँकेपासून सगळे व्यवहार त्याच क्रमांकाला जोडलेले असल्याने तो बदलणेही सोपे नव्हते. असा निरोप तुम्ही कसा लिहिता आणि क्रमांक न देता काम कसे भागवता, हे अनुभवातून सांगावे.

निळीशाई:
मी टेलिग्राम वापरतो. तिथे वापरकर्तानाव घेतले की क्रमांक कोणाला दिसत नाही, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही.

दीपस्तंभ:
निळीशाई यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. वापरकर्तानाव घेतल्याने क्रमांक आपोआप झाकला जात नाही. त्यासाठी गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये Phone Number या ठिकाणी Nobody निवडावे लागते. शिवाय समोरच्याला संपर्कयादीत जोडताना Share My Phone Number हा पर्याय समोर येतो. घाईत तो चालू राहिला, तर त्या एका माणसाला क्रमांक दिसतो. माझ्याकडून नेमके हेच झाले होते, आणि समोरच्याने मला क्रमांकावर फोन केला तेव्हाच ते लक्षात आले.

त्यानंतर अनोळखी माणसांसाठी मी सिग्नल वापरू लागलो. खाते उघडायला तिथेही फोन क्रमांक लागतोच, पण 2024 पासून वापरकर्तानाव देऊन संभाषण सुरू करता येते. क्रमांक कोणाला दिसावा आणि क्रमांकावरून कोणाला शोधता यावे, असे दोन वेगळे प्रश्न तिथे विचारले जातात. दुसऱ्याचे उत्तरही ‘कोणालाही नाही’ असे ठेवावे, नाहीतर ज्याच्याकडे क्रमांक आधीपासून आहे त्याला तुमचे खाते सापडते. ही सेटिंग पहिला निरोप पाठवण्याआधीच तपासावी.

बारकाईची आणखी एक गोष्ट म्हणजे पहिला निरोप कोणी पाठवायचा. जो आधी लिहितो, त्याचे प्रोफाइलवरचे नाव आणि छायाचित्र समोरच्याला दिसते. म्हणून माझा निरोप असा असतो: ‘ध्वनिफिती पाठवणे सोपे जावे म्हणून आपण सिग्नलवर बोलू. माझे तिथले वापरकर्तानाव सोबत देत आहे. तुमचा क्रमांक मला नको आहे. तुम्ही आधी निरोप पाठवा आणि त्यात आपल्या वर्गाचा दिवस लिहा, म्हणजे मला तुमची ओळख पटेल. पैशांचे बोलणे मात्र इथेच राहील.’ काम संपले की मी वापरकर्तानाव बदलतो. जुने संभाषण चालू राहते, पण जुन्या नावाने नवे कोणी माझ्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

पाऊलवाट:
माझा क्रमांक गेल्या महिन्यात बदलला आणि सर्वांना कळवताना फार त्रास झाला. व्हॉट्सॲपमध्ये क्रमांक बदलण्याची सोय आहे आणि निवडक लोकांना कळवण्याचा पर्यायही मिळतो. हे इथे उपयोगी पडेल असे वाटते.

पाटीपेन्सिल:
धन्यवाद, पण मला क्रमांक कळवायचा नसून झाकून ठेवायचा आहे.

कोरापान:
मी अशा निरोपाच्या दुसऱ्या टोकाला होते. वापरलेली वस्तू विकायला ठेवली असता एका ग्राहकाने लगेच क्रमांक मागितला आणि ‘तुम्ही खऱ्या आहात हे पाहण्यासाठी एक सहा अंकी संकेतांक पाठवतो, तो मला सांगा’ असे लिहिले. तो मेसेजिंग ॲपवर माझे खाते त्याच्या फोनवर उघडण्यासाठी येणारा संकेतांक होता. मी तो सांगितला आणि दहा मिनिटांत माझ्या नावाने ओळखीच्यांकडे पैशांची मागणी सुरू झाली. खाते परत मिळाल्यावर मी दुहेरी पडताळणीचा पिन लावला. तेव्हापासून ‘आधी इथेच बोलू’ एवढेच उत्तर देते. ज्याला खरोखर वस्तू हवी असते तो थांबतो.

रानवारा:
मी अशा कामांसाठी दुसरे सिमकार्ड घेतले होते. बराच काळ रिचार्ज न केल्याने तो क्रमांक बंद झाला, आणि बंद क्रमांक काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो, हे मला नंतर कळले. सुदैवाने त्यावरचे खाते मी आधीच काढून टाकले होते.

दीपस्तंभ:
दुसरा क्रमांक चालू ठेवणार असाल तर तो मार्ग चांगला आहे, पण त्यावरच्या खात्यालाही पिन हवाच.

पाटीपेन्सिल:
पुढच्या विद्यार्थ्याला दीपस्तंभ यांच्यासारखाच निरोप पाठवीन. एक अडचण मात्र राहते: माझे निम्मे विद्यार्थी सिग्नल वापरत नाहीत आणि केवळ माझ्यासाठी नवे ॲप घ्यायला तयार नसतात. त्यांच्यासाठी कोणी काही वेगळे केले आहे का?