'निवडणे' म्हणजे क्रम नाहीच का?

कातरवेळ
गणिताच्या एका सरावपुस्तिकेचा अनुवाद करते आहे आणि एका क्रियापदावर अडले आहे. प्रश्न असा आहे: 'दहा सभासदांमधून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार किती प्रकारे निवडता येतील?' तपासणाऱ्यांनी 'निवडता' खोडून 'नेमता' केलं. त्यांचं म्हणणं, 'निवड' शब्द दिसला की मुलं कॉम्बिनेशन लावतात आणि १२० उत्तर काढतात. खरं उत्तर ७२०. म्हणून क्रमाला महत्त्व नसेल तिथेच 'निवडणे', आणि असेल तिथे 'मांडणे' किंवा 'नेमणे', असा नियम पूर्ण पुस्तिकेला लावायचा आहे. मला हे पटत नाही. अध्यक्ष निवडतातच की! मराठीत 'निवडणे' खरंच इतकं क्रमनिरपेक्ष आहे का?

शब्दवेल्हाळ
तपासणाऱ्यांची बाजू बरोबर आहे. धान्य निवडताना कोणता दाणा आधी उचलला याची कोणी नोंद ठेवत नाही. निवडणे म्हणजे हवं ते नको त्यापासून वेगळं करणे, बस. आणि कॉम्बिनेशन कशाला? 'क्रमचय' आणि 'संचय' हे शब्द असताना उसने का घ्यायचे? दोन्हींत संस्कृत 'चि' धातू आहे, म्हणजे गोळा करणे. नुसतं गोळा केलं तर संचय, क्रमाने केलं तर क्रमचय. शब्दातच व्याख्या आली.

तिरकीरेघ
वर्षानुवर्षं हाच धडा शिकवतो आहे, म्हणून कळकळीने सांगतो: क्रियापदावर नियम बसवू नका. मुलं प्रश्न वाचायचं सोडून शब्द शोधायला लागतात. हे पाहा: 'वर्तुळावर आठ बिंदू मांडले आहेत. ते जोडून किती त्रिकोण होतील?' इथे 'मांडले' आहे, म्हणून एक विद्यार्थी ८ × ७ × ६ करून ३३६ लिहून मोकळा झाला. पण कखग आणि गकख हा एकच त्रिकोण. प्रत्येक त्रिकोण सहा वेळा मोजला गेला, म्हणून उत्तर ५६.

मी मुलांना सूत्राआधी एक नमुना लिहायला लावतो. तुमच्या प्रश्नात समजा लिहिलं, 'मीना, राजू, सलीम'. आता पहिल्या दोन नावांची अदलाबदल करायची आणि विचारायचं, निकाल बदलला का? मीनाऐवजी राजू अध्यक्ष झाला, म्हणजे बदलला. तेव्हा १० × ९ × ८ = ७२०. नुसती तिघांची समिती असती तर अदलाबदलीने काही बिघडलं नसतं, आणि ७२० ला ६ ने भागून १२० आले असते. दोन्हीकडे क्रियापद 'निवडा'च आहे. फरक पदांनी केला, क्रियापदाने नाही.

नित्यनवा
पण मग 'कॉम्बिनेशन लॉक' का म्हणतात? माझ्या बॅगेला तीन चकत्यांचं कुलूप आहे. आकडे विसरलो होतो, तेव्हा हिशोब केला की दहा अंकांतून तीन निवडायचे, म्हणजे १२० प्रयत्न. तेवढे केले तरी उघडलं नाही. कुलूपच खराब असणार.

तिरकीरेघ
कुलूप ठीक असेल. ३-५-८ ने उघडणारं कुलूप ८-५-३ ने उघडत नाही, तेव्हा क्रम आला. शिवाय ५-५-८ सुद्धा चालतं, म्हणून ७२० ही नाही; १० × १० × १० = १०००. त्या नावातलं 'कॉम्बिनेशन' बोलीतलं आहे, गणितातलं नाही.

शब्दवेल्हाळ
म्हणूनच उसने शब्द फसवतात! आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत या विषयाला 'अंकपाश' असं सुंदर नाव दिलं. शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं आपसात बदलली तर किती मूर्ती होतील, हा तिथला प्रश्न, उत्तर ३६,२८,८००. हरीच्या चार हातांसाठी २४.

तिरकीरेघ
उदाहरण अचूक आहे, आणि माझ्याच बाजूचं आहे. तिथे आयुधांची निवड होतच नाही, दहाच्या दहा वापरायची आहेत. हात वेगवेगळे ओळखता येतात म्हणून अदलाबदलीने मूर्ती बदलते. त्याच ग्रंथात अन्यत्र आठ झरोक्यांच्या महालात एक, दोन, तीन असे झरोके उघडे ठेवण्याचे प्रकार विचारले आहेत. तिथे कोणता आधी उघडला याला अर्थ नाही, एकूण २५५. आणि 'चि' बद्दल: फुलं वेचणं त्याच धातूने सांगतात आणि अग्निचयनात विटा रचणंही. वेचणे आणि रचणे दोन्ही एकाच धातूत. मग धातू काय निर्णय देणार?

शब्दवेल्हाळ
धातू नाही, पण 'क्रम' हे पूर्वपद देतं. माझा मुद्दा तिथेच होता.

उमाकाकू
मला मात्र अदलाबदल करूनही कळलं नाही. भाचीचा प्रश्न होता: सहा खेळाडूंच्या तीन जोड्या किती प्रकारे पाडता येतील? आम्ही दोघींनी सगळीकडे निवडच केली. सहातून दोन, १५ प्रकारे. उरलेल्या चारांतून दोन, ६ प्रकारे. शेवटचे दोन, १. गुणाकार ९०. उत्तर छापलं आहे १५. क्रम तर आम्ही कुठेच घेतला नाही!

तिरकीरेघ
काकू, जोडीच्या आत नाही घेतलात, पण जोड्यांमध्ये नकळत घेतलात. 'पहिली जोडी, मग दुसरी, मग तिसरी' असं म्हटलंत तिथे तो शिरला. चारच खेळाडू घेऊन हाताने लिहून बघा. तुमच्या रीतीने ६ × १ = ६ येतील. प्रत्यक्षात अब-कड, अक-बड, अड-बक, तीनच. अब आधी निवडून मग कड, आणि कड आधी निवडून मग अब, हे तुम्ही दोनदा मोजलंत. सहा जणांत तीन जोड्या ३ × २ × १ = ६ क्रमांनी लागतात, म्हणून ९० भागिले ६, उत्तर १५. अदलाबदल माणसांची करून थांबू नका, गटांचीही करा. उत्तर संशयास्पद वाटलं की लहान आकडा घेऊन यादी लिहायची. फसलेलं सूत्र तिथेच सापडतं.

उमाकाकू
आणि जोड्या तीन वेगवेगळ्या मैदानांवर पाठवायच्या असतील तर?

तिरकीरेघ
तर ९० च बरोबर. मैदानाने जोडीला नाव दिलं.

कातरवेळ
बापरे, हा प्रश्न माझ्याही पुस्तिकेत आहे आणि मी 'तीन गटांत वाटा' असं केलं आहे. 'वाटा' म्हटलं की कोणाला तरी मिळतं, म्हणजे गटांना नाव आल्यासारखं होतं ना? 'जोड्या पाडा' म्हटलं तर तसं होत नाही.

शब्दवेल्हाळ
'विभागणी करा' घ्या. 'पाडणे' फार बोलीतलं आहे.

उमाकाकू
बोलीतलं म्हणजे वाईट का? 'जोड्या पाडा' लगेच कळतं. 'विभागणी' वाचून भाची भागाकार करायला बसेल.

तिरकीरेघ
माझ्या मते 'पाडा' उत्तम. पण 'वाटा' ऐकून सगळेच गटांना नाव देतील, असं मी म्हणणार नाही. माझे विद्यार्थी तरी देत नाहीत.

नित्यनवा
सहा जणांचे एक, दोन आणि तीन असे गट पाडले तरी सहाने भागायचं ना?

तिरकीरेघ
नाही. तिथे आकारच गटाचं नाव. ६ × १० × १ = ६०, भागाकार नाही. समान आकाराचे गट असतील तेवढ्यांपुरतंच भागायचं.

कातरवेळ
मग 'समान' शब्द वाक्यात घालावा का? मूळ मजकुरात तो नाही. आणि अध्यक्षांचं 'नेमता' अजून तसंच आहे, उद्या तपासणाऱ्यांना काय कळवू?

शब्दवेल्हाळ
'नेमता' राहू द्या. आधी 'विभागणी'चं ठरवू.