सीडीएस हा विमाच आहे, उगाच बागुलबुवा करू नका

हिशेबी_जळगावकर: परवा इथं कुणीतरी लिहिलं की २००८ च्या मंदीचं सगळं पाप क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपचं, म्हणजे सीडीएसचं. अहो, बॉण्ड बुडाला तर भरपाई मिळावी म्हणून दरवर्षी हप्ता भरायचा, यात वाईट काय? विमा काढल्यानं कुणी बुडतं का? ज्यांना भीती वाटते त्यांनी एफडी करावी आणि गप्प बसावं.

तापीकाठ: शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो, नाहीतर सोडून दिलं असतं. विमा कंपनी पैसे कधी देते? नुकसान झाल्यावर. सीडीएस विकणाऱ्याला बहुतेक वेळा त्याच्या आधीच पैसे काढावे लागतात. सगळी गोम तिथं आहे.

समजा तुम्ही एका कंपनीच्या १ कोटीच्या बॉण्डवर पाच वर्षांचं संरक्षण विकलंत, वर्षाला १ टक्क्यानं. म्हणजे घरबसल्या वर्षाला १ लाख. वर्षभरानं त्या कंपनीबद्दल कुजबुज सुरू झाली आणि नवे करार ५ टक्क्यांनी व्हायला लागले. कंपनीनं अजून व्याजाचा एक हप्ताही चुकवलेला नाही, हे लक्षात ठेवा. पण बाजार ज्या जोखमीचे ५ लाख मागतोय ती तुम्ही १ लाखात घेऊन बसलात, अजून चार वर्षं. फरक १६ लाखांचा. पुढच्या पैशाची आजची किंमत आणि मध्येच करार संपण्याची शक्यता धरली तरी १३ लाखांच्या आसपास तोटा तुमच्या वहीत आजच लागला. समोरचा म्हणतो, तेवढं तारण ठेवा, आणि लगेच. रोकड नसते, म्हणून तुम्ही तुमच्याकडचे चांगले बॉण्ड विकता. सगळेच विकायला लागले की त्या चांगल्यांचेही भाव पडतात, आणि ते ज्यांच्याकडे आहेत त्यांचीही पंचाईत होते. ज्याचा या करारांशी काडीचा संबंध नाही तोही त्यात भरडला जातो. बुडालं कोण? अजून कुणीच नाही.

धुळेकर७७: बरोबर आहे दादा. अमेरिकेतल्या एआयजी विमा कंपनीचं हेच झालं. लेहमन बँकेच्या बॉण्डचा विमा त्यांनी विकला होता, लेहमन बुडाली, आणि भरपाई देता देता एआयजी झोपली.

तापीकाठ: अर्धं बरोबर. तारखा बघा. लेहमननं दिवाळखोरीचा अर्ज केला १५ सप्टेंबर २००८ ला. एआयजीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, फेडनं, ८५ अब्ज डॉलरची उचल दिली १६ ला. लेहमनच्या बॉण्डवरचे करार किती भावानं मिटवायचे ते ठरवणारा लिलाव झाला थेट १० ऑक्टोबरला. म्हणजे लेहमनची भरपाई देय होण्याआधीच एआयजी आडवी झाली होती. तिला खाल्लं ते घरकर्जांच्या गाठोड्यांवरच्या करारांनी, सुमारे ७८ अब्ज डॉलरच्या. ते करार घेतलेल्या गोल्डमन बँकेनं १.८ अब्जांचं तारण मागितलं ते जुलै २००७ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी. तेव्हापासून भाव किती पडले यावर नुसतं भांडण चाललं होतं. आणि करारात अट अशी की एआयजीचं स्वतःचं रेटिंग उतरलं तर आणखी तारण. १५ सप्टेंबरला रेटिंग उतरलं. ज्या दिवशी पैसा मिळणं सगळ्यात अवघड, नेमका त्या दिवशी सगळ्यात जास्त मागितला गेला.

केळीवाला_रावेर: विम्याचं निघालंच आहे तर मी बोलतो. आमचा केळीचा विमा हवामान केंद्राच्या पाऱ्यावर चालतो. थंडीत सलग काही दिवस पारा ठरावीक अंशाखाली गेला तर पैसे. बागेत काय झालं ते बघायला कुणी येत नाही. गेल्या खेपेला आमच्या शिवारात पानं करपली, घड निसवायचे थांबले, आणि मंडळातल्या केंद्रावर म्हणे पारा तेवढा उतरलाच नाही. एक रुपया आला नाही. तुमच्या अमेरिकेचं राहू द्या, यावर कोण लिहिणार?

आशा_पाचोरा: भाऊ, केंद्रावर बोलता ते खरं, पण ज्यांच्या शेतात केळीचं एक खोडसुद्धा नाही त्यांनी विमे उतरवले त्यावर कोण बोलणार? कागदावर बाग आणि रानात कपाशी!

केळीवाला_रावेर: ताई, ते चार-दोन लबाड. त्यांच्यापायी खऱ्या बागायतदारांची पडताळणी लांबते आणि पैसे अडकतात. तुम्ही बांधावर या, मग बोला.

आशा_पाचोरा: बांधावरच राहते मी. माझ्या सासऱ्यांची केळी होती, मला शिकवू नका. आणि चार-दोन काय म्हणता, आमच्या गावात विचारा.

हिशेबी_जळगावकर: काबरं भो, हा धागा कृषी कार्यालयाकडे वळवायचा का?

तापीकाठ: वळू द्या, मुद्द्याचंच बोलतायत दोघं. ताई म्हणतात तो प्रकार सीडीएसमध्ये लबाडी नाही, रीतसर धंदा आहे. बॉण्ड जवळ नसताना त्याच्यावर संरक्षण घेता येतं. त्यामुळे मूळ कर्जापेक्षा करार कितीतरी जास्त होऊ शकतात, आणि कंपनी बुडावी असं मनापासून वाटणारी माणसं तयार होतात. युरोपनं सरकारी रोख्यांवर हे नोव्हेंबर २०१२ पासून बंद केलं, ग्रीसचा अनुभव घेतल्यावर.

हिशेबी_जळगावकर: आता माझं ऐका. एक, एआयजीला दुसरंही भोक होतं. आपल्याकडचे रोखे उसने देऊन आलेली रोकड तिनं घरकर्जांच्या कागदांत घातली होती, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. दोन, लेहमनवर ४०० अब्ज डॉलरचे करार आहेत म्हणून जग ओरडत होतं. लिलावात भाव ठरला ८.६२५, म्हणजे शंभराला ९१ डॉलर ३७.५ सेंट भरपाई. आणि देणी-घेणी एकमेकांत वळती केल्यावर प्रत्यक्ष हात बदलले ते ५.२ अब्ज! कुठली मोठी संस्था बुडाली त्यात? तीन, सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसनं कर्जाचे हप्ते चुकवल्यावर एका म्युच्युअल फंडानं डीएचएफएल या घरकर्ज कंपनीचे कागद चढ्या व्याजदरानं विकले. तेवढ्या बातमीवर तिचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं सीडीएसला २०११ मध्येच परवानगी दिली, पण बाजार कधी उभाच राहिला नाही. मग ती घबराट कुणी पसरवली? केळीनं?

तापीकाठ: वा! पहिला आणि तिसरा मुद्दा घ्या, बक्षीस. सीडीएसशिवाय घबराट होत नाही असं मी कुठंच म्हटलं नव्हतं, पण तुम्हाला जिंकल्याचं समाधान हवंय तर असू द्या.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र नाही. ५.२ हा आकडा तुम्हाला आज माहीत आहे. सप्टेंबरच्या त्या आठवड्यांत कुणाकडे किती करार हे एकत्र दिसत नव्हतं, कारण ते दोघांत परस्पर केलेले. प्रत्येक बँक समोरच्याकडे बघून म्हणत होती, यानं किती विकले असतील कुणास ठाऊक, याला आज रात्रीपुरते पैसे द्यायचे का? आणि दिले नाहीत. वळते होऊन पाच अब्ज उरले, पण वळते होण्यासाठी मधला प्रत्येक जण उभा असावा लागतो. एक मधला पडला की तुमची वजाबाकी होत नाही, पूर्ण देणं अंगावर येतं. म्हणूनच एआयजीला सरकारनं वाचवलं. तिला पडू दिलं असतं तर तुमचा ५.२ चा आकडा असाच राहिला असता का, ते तुम्हीच सांगा.

धुळेकर७७: पण दादा, मार्च २०२३ मध्ये डॉइश बँकेचं काय? तेव्हा तर कुणी पडलं नव्हतं.

तापीकाठ: ते उलट्या दिशेनं. क्रेडिट सुईस नुकतीच गेली होती. डॉइशच्या सीडीएसचा दर उसळला, तो पाहून शेअर विकले गेले. हा बाजार इतका पातळ की थोड्या पैशांत दर हलतो, आणि तो दर बातमीत येतो तो बँकेच्या तब्येतीचा दाखला म्हणून. युरोपातल्या देखरेख करणाऱ्यांनी तेव्हा नेमकी हीच तक्रार केली होती.

हिशेबी_जळगावकर: म्हणजे दोष दर वाचणाऱ्यांचा, कराराचा नाही. धन्यवाद, हेच म्हणत होतो.

तापीकाठ: तुम्ही एफडी करा आता.

केळीवाला_रावेर: अहो पण केंद्र कुणाच्या शिवारात बसवायचं हे ठरवतं कोण, ते कुणी सांगेल का?